परत आलेला माल आणि टप्प्यांचे कमिशन: एका अहवालाच्या फेररचनेचे प्रकरण

फिरत्या विक्री प्रतिनिधींना दरमहा टप्प्यांनुसार कमिशन देणाऱ्या एका वितरण कंपनीत मे महिन्याच्या हिशोबावरून वाद झाला. एका प्रतिनिधीचे म्हणणे असे होते की त्याच्या कमिशनमधून 3,000 जास्त कापले गेले आहेत. लेखा विभागाने पत्रक पुन्हा तपासले. बेरीज, वजाबाकी आणि दर यांत कोठेही चूक सापडली नाही, आणि तरीही प्रतिनिधीचे म्हणणे बरोबर निघाले. या विसंगतीचा माग काढताना कमिशनचा नियम, त्याचे गणित आणि त्याच्या नोंदी या तिन्ही गोष्टी नव्याने बांधाव्या लागल्या. कंपनीची ओळख येथे दिलेली नाही आणि समजण्यास सोपे जावे म्हणून रकमा गोल केल्या आहेत. सर्व रकमा एकाच चलनातल्या आहेत.

नियम काय होता

कमिशनचे परिपत्रक अर्ध्या पानाचे होते. त्यात तीन ओळी होत्या: महिन्याच्या 4 लाखांपर्यंतच्या विक्रीवर 2 टक्के, 4 ते 8 लाखांवर 3 टक्के आणि 8 लाखांवर 5 टक्के. प्रतिनिधींना ही भाषा पुरेशी स्पष्ट वाटत होती आणि लेखा विभागालाही. मात्र दोघे तिचा वेगवेगळा अर्थ घेत होते. एखाद्याने महिन्यात 9,50,000 ची विक्री केली, तर लेखा विभाग पहिल्या 4 लाखांवर 8,000, पुढच्या 4 लाखांवर 12,000 आणि उरलेल्या दीड लाखावर 7,500 असे मिळून 27,500 देत असे. ‘8 लाखांवर 5 टक्के’ याचा अर्थ 8 लाख ओलांडले की सगळ्याच विक्रीवर 5 टक्के, असा काही प्रतिनिधींनी घेतला होता, आणि त्यांच्या हिशोबाने हीच रक्कम 47,500 होत होती.

दोन्ही पद्धती जगात वापरल्या जातात, त्यामुळे परिपत्रकात त्यांपैकी कोणती हे लिहिलेच पाहिजे. संपूर्ण विक्रीला वरचा दर लावण्याच्या पद्धतीत प्रत्येक सीमेवर कडा तयार होतो. बरोबर 8 लाखांवर 24,000 मिळत असतील, तर त्यात एकाची भर पडताच कमिशन 40,000 होते. अशा कड्याजवळ पोहोचलेला माणूस महिन्याच्या शेवटच्या दिवशी काय करील, हे सांगायला अनुभवी व्यवस्थापक लागत नाही. भागवार पद्धतीत असा कडा नसतो. शिवाय 8 लाख ही रक्कम दुसऱ्या टप्प्यात धरायची की तिसऱ्या, हा प्रश्नही त्यात उद्भवत नाही, कारण सीमा कोणत्याही बाजूला धरली तरी उत्तर तेच येते. कंपनीने भागवार पद्धत कायम ठेवली, आणि नव्या परिपत्रकात 9,50,000 चे वरील उदाहरण आकड्यांसह छापले. नियमाच्या मजकुरातच सोडवलेले उदाहरण असावे, असे माझे मत या प्रकरणानंतर अधिकच पक्के झाले; वाक्याचे दोन अर्थ निघू शकतात, पण सोडवलेल्या उदाहरणाचा एकच निघतो.

‘विक्री’ या शब्दाचीही व्याख्या करावी लागली. मागणी नोंदवली तेव्हा, बीजक निघाले तेव्हा, की पैसे जमा झाले तेव्हा विक्री धरायची, हे ठरल्याशिवाय टप्प्यांना अर्थ नसतो. येथे बीजकाचा दिनांक आणि कर, वाहतूक व सवलत वगळून उरलेली निव्वळ रक्कम हा आधार ठरला.

वाद कोठे होता

वाद घालणाऱ्या प्रतिनिधीला आपण ‘ख’ म्हणू. एप्रिलमध्ये त्याची विक्री 3,60,000 होती आणि कमिशन 7,200. मे महिन्यात त्याने 10 लाखांची विक्री केली, म्हणजे 8,000, 12,000 आणि 10,000 मिळून 30,000 कमिशन. मात्र एप्रिलमध्ये दिलेल्या मालापैकी 1,00,000 चा माल ग्राहकाने मे महिन्यात परत केला आणि त्याची क्रेडिट नोट मे महिन्यात निघाली. पत्रकात ती मे महिन्याच्या विक्रीतून वजा झाली. 9 लाखांवर 25,000 कमिशन आले, आणि ‘ख’चे 5,000 कमी झाले.

त्याचा आक्षेप साधा होता. तो लाख एप्रिलमध्ये विकला गेला तेव्हा त्याला त्यावर 2 टक्क्यांनीच कमिशन मिळाले होते. मिळाले 2,000 आणि परत घेतले 5,000, हे कोणत्या न्यायाने? एप्रिलची विक्री 2,60,000 धरली तर कमिशन 5,200 होते, म्हणजे वसुली 2,000 चीच व्हायला हवी होती. उरलेले 3,000 हीच वादाची रक्कम.

लेखा विभागाला प्रथम हा एकट्याचा अपवाद वाटला. म्हणून त्याच महिन्यातील दुसरे उदाहरण घेतले, आणि चित्र उलटे निघाले. प्रतिनिधी ‘क’ची एप्रिलची विक्री वर आलेली 9,50,000 होती आणि कमिशन 27,500. मे महिन्यात त्याने 5,20,000 ची विक्री केली, ज्यावर 11,600 होतात. पण एप्रिलच्या एका बीजकातील 2,10,000 चा माल मे महिन्यात परत आला. जुन्या पद्धतीने मे महिन्याची विक्री 3,10,000 धरून 6,200 कमिशन दिले गेले. म्हणजे ‘क’ला त्या परतीचा फटका 5,400 चा बसला. तोच माल एप्रिलमधून वजा केला असता, तर एप्रिलची विक्री 7,40,000 आणि कमिशन 18,200 झाले असते, म्हणजे वसुली 9,300. ‘क’ला जुन्या पद्धतीने 3,900 जास्त मिळाले होते, आणि त्याने अर्थातच तक्रार केली नव्हती.

प्रश्न मुळात असा आहे की टप्प्यांच्या कमिशनमध्ये एकाच रकमेची किंमत महिन्यानुसार बदलते. तेजीच्या महिन्यात लावलेला माल मंदीच्या महिन्यात परत घेतला, तर वरच्या दराने कमावलेले कमिशन खालच्या दराने परत द्यावे लागते आणि मधला फरक खिशात राहतो. ‘क’ने हे ठरवून केले असे म्हणायला कोणताही पुरावा नव्हता. तरीही नियमात अशी फट असेल, तर महिनाअखेरीस ग्राहकाकडे जास्त माल उतरवण्याचा मोह तोच नियम निर्माण करतो. हे ओळखण्याची खूणही आहे: ज्या प्रतिनिधीच्या परतीचा मोठा भाग महिन्याच्या अखेरच्या काही दिवसांतल्या बीजकांवरचा असतो, त्याच्या नोंदी सावकाश पाहाव्यात.

वर्षभराची विक्री साठवत नेऊन तिच्यावर टप्पे लावणे हा एक पर्याय चर्चेत आला. त्यात वर्षाच्या आत माल कोणत्या महिन्यात गेला आणि कोणत्या महिन्यात परत आला, याने वर्षाच्या एकूण कमिशनमध्ये फरक पडत नाही. अडचण फक्त वर्षाच्या सीमेवर उरते. पण त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला सगळ्यांचे कमिशन तळाच्या दराने निघते, आणि ज्यांचे घर या रकमेवर चालते त्यांना ते जड जाते. व्यवस्थापनाने मासिक टप्पेच ठेवले आणि नियम असा केला की परत आलेला माल ज्या बीजकावर गेला होता, त्या बीजकाच्या महिन्यातून तो वजा होईल.

वसुलीची रक्कम कशी काढायची

हा निर्णय झाल्यावर पहिला प्रस्ताव असा आला की प्रत्येक बीजकापुढे त्यावर दिलेले कमिशन लिहून ठेवावे आणि माल परत आला की तेवढेच परत घ्यावे. ऐकायला हे सरळ वाटते, पण भागवार टप्प्यांत एका बीजकाचे असे स्वतंत्र कमिशन नसतेच. ‘क’ची एप्रिलची बीजके कोणत्या क्रमाने मांडली, यावर कोणते बीजक 2 टक्क्यांत पडेल आणि कोणते 5 टक्क्यांत, हे ठरते. दिनांकाचा क्रम घेतला तर महिन्याच्या सुरुवातीच्या बीजकाची परती स्वस्त आणि शेवटच्या बीजकाची महाग होईल, जरी दोन्हींमुळे महिन्याची एकूण विक्री सारखीच घटली असली तरी.

म्हणून बीजकावर दर चिकटवणे सोडून पूर्ण महिना नव्याने मोजण्याची पद्धत घेतली. परत आलेला माल वजा करून त्या महिन्याची निव्वळ विक्री काढायची, तिच्यावर त्याच महिन्याला लागू असलेले टप्पे लावायचे, आणि त्या महिन्यासाठी आधी नोंदलेल्या सर्व रकमांची बेरीज, हातच्या दुरुस्त्या वगळून, त्यातून वजा करायची. उरेल तो फरक चालू महिन्यात नोंदवायचा. या पद्धतीचा एक मोठा फायदा असा की हिशोब चुकून दोनदा चालवला तरी दुसऱ्या वेळी फरक शून्य येतो आणि दुबार वसुली होत नाही. बंद झालेल्या महिन्याच्या दिनांकाचे बीजक उशिरा नोंदले गेले, तरी त्यासाठी वेगळे गणित लागत नाही. फरक ऋणऐवजी धन येतो, एवढेच.

टप्प्यांचे गणित एका छोट्या क्वेरीत बसते:

```sql
SELECT ROUND(SUM(
  GREATEST(0, LEAST(:net, COALESCE(upper_limit, :net))
              - lower_limit) * rate), 2) AS commission
FROM tier
WHERE rule_version = :version;
```

येथे `COALESCE` कशासाठी आहे, हे सांगणे आवश्यक आहे. सर्वांत वरच्या टप्प्याला वरची मर्यादा नसते, म्हणून तेथे `upper_limit` रिकामा, म्हणजे `NULL` ठेवला जातो, आणि `COALESCE` त्याच्या जागी `:net`, म्हणजे महिन्याची निव्वळ विक्री, धरते. `COALESCE` नसेल, तरी पोस्टग्रेस-एस्क्यूएलमध्ये `LEAST` हे फलन `NULL` दुर्लक्षित करते आणि उत्तर बरोबर येते. मायएस्क्यूएलमध्ये मात्र एकही मूल्य `NULL` असेल तर उत्तरच `NULL` होते, आणि `SUM` ते मुकाट्याने सोडून देते. परिणामी कोणताही त्रुटीसंदेश न येता वरच्या टप्प्याचे पूर्ण कमिशन गायब होते. ‘क’च्या एप्रिलच्या हिशोबात 27,500 ऐवजी 20,000 दिसले असते, आणि 8 लाखांच्या आतल्या प्रत्येकाचा आकडा मात्र बरोबर राहिला असता. म्हणूनच चाचणीत प्रत्येक टप्प्यातील एक आणि प्रत्येक सीमेवरची एक अशी रक्कम घ्यावी लागते. दर आणि रकमा दशांश प्रकारात ठेवाव्यात, आणि पूर्णांकन एकदाच, अगदी शेवटी करावे. प्रत्येक ओळीवर पूर्णांकन केले की प्रतिनिधीची बेरीज आणि अहवालाची बेरीज यांत किरकोळ फरक पडतो, आणि असे किरकोळ फरक मोठ्या फरकांपेक्षा जास्त वेळ खातात.

क्रेडिट नोट कोणत्या बीजकाची

गणित लवकर सुटले. माहिती जुळवणे सुटायला वेळ लागला. मूळ महिन्यातून वजाबाकी करायची तर प्रत्येक क्रेडिट नोटवर मूळ बीजकाचा क्रमांक हवा, आणि अनेक नोटांवर तो नव्हता. गोदामात माल परत आला की ग्राहकाच्या नावे एकत्रित नोट काढण्याची सवय होती, आणि त्यात दोन-तीन महिन्यांतला माल मिसळलेला असे. अंदाजाने सर्वांत अलीकडच्या बीजकाला जोडण्याची सूचना आली, पण ती स्वीकारली नाही, कारण तसे केल्यास ‘ख’च्या बाबतीत झालेली चूकच वेगळ्या नावाने परत आली असती. क्रमांक नसलेली नोट कमिशनच्या हिशोबात घेतली जात नाही. ती प्रलंबित यादीत जाते आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर तिची रक्कम दिसते. यादी दडवली नाही की ती लहान होत जाते, हे येथेही दिसून आले. वर्षअखेरीच्या खरेदी-सवलतीची नोट कोणत्याही एका बीजकाची नसते, म्हणून ती कमिशनच्या आधारातून पूर्णपणे वगळण्याचा निर्णय व्यवस्थापनाने घेतला आणि तोही परिपत्रकात लिहिला.

जुना अहवाल पुन्हा काढला तेव्हा

नवी पद्धत ताडून पाहण्यासाठी एप्रिलचा जुना अहवाल प्रणालीतून पुन्हा काढला, आणि तो मे महिन्यात छापलेल्या प्रतीशी जुळला नाही. कारण शोधता असे आढळले की अहवाल प्रतिनिधीचे नाव ग्राहकाच्या मुख्य नोंदीतून घेत होता. मे महिन्यात काही ग्राहक एका प्रतिनिधीकडून दुसऱ्याकडे सोपवले गेले होते, आणि त्या बदलासरशी त्या ग्राहकांची एप्रिलची विक्रीही नव्या प्रतिनिधीच्या नावावर गेली होती. कमिशन वाटून झाले होते, म्हणून पैशांवर परिणाम झाला नव्हता, पण ते कशाच्या आधारे वाटले, हे सिद्ध करण्याचा मार्ग उरला नव्हता.

यावर दोन उपाय केले. ग्राहक कोणाकडे आहे याची नोंद ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दिनांकांसह ठेवली, आणि बीजकाच्या दिनांकाला ग्राहक ज्याच्याकडे असेल त्यालाच ती विक्री मिळू लागली. टप्प्यांच्या दरांनाही तशीच आवृत्ती दिली. एकदा वापरलेली आवृत्ती बदलता येत नाही. दर बदलायचा तर नव्या दिनांकापासून नवी आवृत्ती लिहावी लागते. जुलैपासून दर बदलले आणि जूनच्या बीजकावरचा माल ऑगस्टमध्ये परत आला, तर फेरमोजणी जूनच्या आवृत्तीनेच होते.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक मोजणीबरोबर तिचा कच्चा मालही साठवणे. कोणती बीजके धरली, प्रत्येकाची निव्वळ रक्कम किती होती, ती कोणाच्या नावावर धरली आणि कोणती आवृत्ती लागली, ही यादी मोजणीच्या क्रमांकाखाली कायम राहते. नुसता अंतिम आकडा साठवला, तर तो आकडा तेव्हा तेवढा होता एवढेच कळते. तो तेवढा का होता, हे कळत नाही.

नोंदवही

कमिशनच्या नोंदी आता वहीसारख्या लिहिल्या जातात: ओळ वाढते, पण खोडली जात नाही. ‘क’च्या वहीत पहिली ओळ एप्रिलच्या 27,500 ची आहे. दुसऱ्या ओळीत मूळ महिना एप्रिल, नोंदीचा महिना मे, निव्वळ विक्री 9,50,000 वरून 7,40,000, कमिशन 27,500 वरून 18,200, फरक उणे 9,300, आणि कारण म्हणून क्रेडिट नोटचा क्रमांक आहे. तिसरी ओळ मे महिन्याच्या 11,600 ची. मे महिन्याचे देय 2,300. प्रत्येक ओळीवर मोजणीचा क्रमांक, नियमाची आवृत्ती, नोंद करणारा, मंजुरी देणारा आणि वेळ असते, आणि नोंद करणारा व मंजुरी देणारा एकच असू शकत नाही.

पूर्वीच्या पत्रकात ‘शेवटचा बदल कोणी व केव्हा केला’ असा एक रकाना होता आणि त्यालाच ऑडिट ट्रेल म्हटले जात होते. त्यातून शेवटचा हात कोणाचा लागला ते समजते. त्याआधी तेथे काय लिहिलेले होते ते समजत नाही, आणि लेखापरीक्षकाला हवे असते ते नेमके तेवढेच. हाताने केलेली दुरुस्तीही आता स्वतंत्र ओळ म्हणूनच येते आणि तिला कारण व कागद दोन्ही लागतात. सुरुवातीच्या एका दुरुस्तीत ‘वरिष्ठांच्या सूचनेनुसार’ एवढेच कारण लिहिले होते. ती परत पाठवली गेली, आणि त्यानंतर तशी कारणे येणे थांबले.

वहीच्या तक्त्यावर अहवालाच्या वापरकर्त्याला फक्त वाचण्याचा आणि नवी ओळ घालण्याचा अधिकार आहे. तरीही डेटाबेसचा व्यवस्थापक तांत्रिकदृष्ट्या काहीही बदलू शकतो, हे मान्य करावेच लागते. म्हणून महिना बंद होताना ओळींची संख्या, रकमांची बेरीज आणि संपूर्ण यादीचा हॅश, म्हणजे यादीत काहीही बदलले की बदलणारा तिचा ठसा, लेखा विभागाकडे, त्या व्यवस्थापकाच्या पोहोचीबाहेर, जमा होतो. याने बदल रोखला जात नाही, पण तो लपत नाही.

महिना बंद करण्यापूर्वी दोन ताळे पाहिले जातात. प्रत्येक प्रतिनिधीच्या प्रत्येक महिन्यासाठी वहीतल्या सर्व ओळींची बेरीज, हातच्या दुरुस्त्या वगळून, त्या महिन्याच्या आजच्या निव्वळ विक्रीवरील कमिशनइतकी आली पाहिजे. आणि सर्व प्रतिनिधींच्या निव्वळ विक्रीची बेरीज, प्रलंबित यादी आणि कमिशनबाह्य विक्री धरून, मुख्य खातेवहीतील विक्रीशी जुळली पाहिजे. पहिला ताळा गणितातली चूक पकडतो, दुसरा सुटलेले बीजक पकडतो.

प्रतिनिधीला काय दिसते, आणि काय ठरायचे आहे

प्रतिनिधीच्या पानावर चालू महिन्याचे टप्पे, मागील महिन्यांच्या फेरमोजणीच्या ओळी आणि देय रक्कम असते, आणि प्रत्येक आकड्यावरून त्यामागच्या बीजकांच्या यादीपर्यंत जाता येते. पान मिळाल्यापासून 10 दिवसांत आक्षेप घेता येतो. आक्षेप हाही नोंद म्हणून राहतो, मान्य झाला तरी आणि फेटाळला तरी. ‘ख’च्या 3,000 ची ओळ जूनच्या हिशोबात धन म्हणून आली. ‘क’कडून जुने 3,900 वसूल करायचे नाहीत असे ठरले, कारण तेव्हाचा नियम लिहिलेला नव्हता; नवी पद्धत लागू होण्याआधीच्या जादा रकमा सोडून दिल्याची दुरुस्ती-ओळ कारणासह त्याच्या वहीत आहे.

वसुली देय रकमेपेक्षा जास्त झाली, तर उणे शिल्लक पुढच्या महिन्यात जाते. नोकरी सोडणाऱ्याच्या बाबतीत ही शिल्लक अंतिम हिशोबातून कापता येते का, हे ठिकाणच्या कामगार कायद्यावर अवलंबून असल्याने ते अहवालाच्या नियमात न लिहिता कायदेशीर सल्ल्यासाठी बाजूला ठेवले आहे. फेरमोजणी किती मागे जावी, यासाठी बीजकापासून सहा महिन्यांची मर्यादा घातली. त्यानंतरची परती कंपनी सोसते. दोन प्रतिनिधींनी मिळून केलेल्या विक्रीत रक्कम वाटून टप्पे लावायचे, की पूर्ण रक्कम दोघांच्याही टप्प्यांत धरून कमिशन वाटायचे, यावर अजून एकमत झालेले नाही, आणि तोपर्यंत अशी बीजके विभाग प्रमुखाच्या लेखी वाटणीशिवाय मोजणीत घेतली जात नाहीत.